बारा फरश्या आणि एक ठिपका

टीचरांनी मला त्या दिवशी हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, असं मी आता म्हणतो. पण त्यांनी आधी खुर्ची पुढे केली, मग चष्मा शोधला. हे जे मी लिहितोय ते त्यांच्यामुळे घडलं, म्हणून आधी त्यांचं. बाकीचं मागून.

टीचर म्हणजे वसईच्या पापडीतल्या ज्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, त्या घराच्या मालकीणबाई. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पती देवाघरी गेलेले, मुलगा परदेशी. सगळी आळी त्यांना टीचर म्हणायची, भाजीवाली पण आणि फादर पण. मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. आठवी शेजारच्या गावात होती आणि मला इंग्रजीची भीती वाटायची, एवढंच कारण. घरच्यांनी सोडवली नाही, मीच सोडली. हे मी कुणाला सांगत नसे. नांदेडला एका फोटोवाल्याकडे राहिलो, तिथे अल्बम चिकटवायला शिकलो, आणि त्याच्याच ओळखीने वसईला आलो. घरापासून इतकं लांब, की सुरुवातीला भाषाच लागेना. मराठीच बोलतात म्हणायचे, पण टीचर भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलायला लागल्या की माझ्या कानाला चारातला एक शब्द कळायचा.

पापडीच्या स्टुडिओत माझं काम म्हणजे कापणं आणि चिकटवणं. लग्नाचे फोटो धुऊन यायचे, मी मापाने कापायचो, काळ्या पुठ्ठ्यावर लावायचो, पानांच्या मध्ये तो जाळीचा पातळ कागद घालायचो. मालक म्हणजे अंकल. पन्नाशीकडे झुकलेले, जाडजूड, बोलताना डोळे मिटणारे. मला कधी नावाने हाक मारली नाही त्यांनी. ‘काय रे परभणी’, एवढंच. ‘परभणी, चहा सांग.’ ‘परभणी, नवरीचं नाक कापलंस का?’

दोन हजारनंतरची ती वर्षं फोटोच्या धंद्याला वाईट होती, की चांगली, तुम्ही कुठे बसलाय त्यावर होतं. डिजिटल कॅमेरे आले. रोल धुवायचं बंद झालं. पुढे पुढे अल्बमसुद्धा छापून, बांधून बाहेरूनच तयार यायला लागले. डार्करूममध्ये अंकलनी जुन्या खुर्च्यांची थप्पी लावली. माझ्या कात्रीला काम उरेना. एक दिवस अंकल म्हणाले, ‘परभणी, तुला खोटं बोलून ठेवणार नाही. मे महिन्याचं सीझन संपलं की कापायला माणूस लागणार नाही मला.’

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि पुढे म्हणाले, ‘पण एक काम आहे. आता लोकांना अल्बम इंटरनेटवर पाहिजे. मामा कुवेतला, मावशी कॅनडाला. त्यांनी तिथे बसून लग्न बघायचं. हे काम करणारा लागेल. तुला येईल?’

‘येईल,’ मी म्हणालो. येत नव्हतं.

‘मग आधी हे बघ.’

अंकलची मुलगी अंधेरीला एका कंपनीत नोकरीला होती. तिने ईमेलवर एक चित्र पाठवलं होतं. फोटो ठेवायला जागा देणारी एक कंपनी होती, तिच्या दरांचा तक्ता मुलीने पडद्यावरून उचलून तसाच धाडला होता. खाली लिहिलं होतं, पप्पा, यातला वर्षाला कुठला परवडतो ते बघा आणि चेक पाठवा. अंकल म्हणाले, ‘तू बघ. शनिवारपर्यंत सांग. नीट सांगितलंस तर काउंटर तुझा.’

इथून पुढची गोष्ट सगळी त्या चित्राची.

मी ते स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उघडलं. तीन चौकोन. छोटा, मधला, मोठा. प्रत्येकात वर मोठा आकडा आणि खाली ‘पर मंथ’. दोनशे चाळीस, चारशे, सातशे वीस. खाली जागा किती ते: दोन जीबी, सहा जीबी, पंधरा जीबी. तिन्ही चौकोनांच्या डोक्यावर दोन गोल. एकापुढे मंथली, दुसऱ्यापुढे इयर्ली, आणि इयर्लीच्या पुढे हिरव्या पट्टीत वीस टक्के सूट. मी त्या गोलावर क्लिक केलं. काही होईना. परत केलं. माऊस बिघडला असं वाटून पुसला. पाच-दहा मिनिटांनी उमगलं की हे चित्र आहे. फोटोतल्या माणसाला हाक मारल्यासारखं मी चित्रातलं बटण दाबत होतो. चित्राच्या खालच्या कडेला मुलीच्या कॉम्प्युटरचं घड्याळसुद्धा आलं होतं. त्या घड्याळाच्या पट्टीने तक्त्याचा तळ खाऊन टाकला होता.

सायबरमधून मी साधा काळा-पांढरा प्रिंट काढून आणला आणि तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचली. हिशोब सोपा वाटला. मधला प्लॅन महिना चारशे. बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीसशे. वर्षाचे एकदम भरले तर वीस टक्के सूट, म्हणजे नऊशे साठ गेले. राहिले तीन हजार आठशे चाळीस. शनिवारी दुपारी अंकलना सांगितलं. ते खूश झाले. ‘फक्त एवढंच?’ म्हणाले, आणि तिथल्या तिथे तीन हजार आठशे चाळीसचा चेक फाडून माझ्या हातात दिला. ‘सोमवारी कुरिअर कर.’

संध्याकाळी मी तो चेक आणि तो कागद घेऊन टीचरांच्या ओट्यावर गेलो. मदत मागायला नाही. दाखवायला गेलो होतो. सातवी पास माणसाने इंग्रजी तक्ता वाचून चेक मिळवला, हे कुणाला तरी दाखवावं वाटतंच की. घरी दाखवायचं तर परभणी चौदा-पंधरा तास.

टीचरांनी खुर्ची पुढे केली. चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला.

‘हे चारशे कशाचे?’

‘महिन्याचे.’

‘महिन्याचे कसले? महिन्याला भरायचे, की वर्षाचं भरून महिन्याला पडतात तेवढे?’

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, ‘पर मंथ लिहिलंय टीचर.’

‘ते मोठ्या अक्षरात लिहिलंय. बारीक अक्षरात काय लिहिलंय?’

बारीक अक्षरात, चारशेच्या खाली मुंगीएवढं, बिल्ड इयर्ली, म्हणजे बिल वर्षाचं, असं होतं. मी ते वाचलं होतं. अर्थ लागला नाही म्हणून सोडून दिलं होतं. टीचरांनी नखाने वरचे दोन गोल दाखवले. ‘मंथलीचा गोल रिकामा आहे. इयर्लीच्या गोलात ठिपका आहे. दिसतो? पुसट आहे, छपाईचा दोष. हे पत्रक वर्षाच्या भावाचं आहे, पोरा. वीस टक्के कापूनच चारशे लिहिलेत. तू परत कापलेस.’

कापायचं काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. एकदा मापात कापलेला फोटो कोणी न बघता परत कात्रीखाली घातला की नवरदेवाचं डोकं जातं.

‘मग खरे किती?’

‘तूच सांग.’

‘अठ्ठेचाळीसशे.’

‘आणि ज्याला महिन्या-महिन्याला भरायचे त्याला?’

ते तर कुठेच लिहिलं नव्हतं. चित्रात एकच बाजू होती. मी तसं म्हणालो. टीचरांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांच्या वर्गात मी तिसरीत असतो तर कान गरम झाले असते. ‘लिहिलेलं नाही म्हणून कळत नाही? शंभरातले वीस गेले, ऐंशी उरले. ऐंशीच्या जागी दोनशे चाळीस, तर शंभराच्या जागी किती? त्रैराशिक. कितवीपर्यंत आलास तू?’

‘सातवी.’

‘मग झालेलं आहे तुझं.’

झालेलं होतं. दोनशे चाळीस गुणिले शंभर भागिले ऐंशी. तीनशे. मधला पाचशे. मोठा नऊशे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहीत गेलो. अजून एक ओळ मी बघून न बघितल्यासारखी केली होती, तीही टीचरांनी वाचायला लावली: खातं चालू करायचे पाचशे, पण वर्षाचं भरणाऱ्याला माफ. तेव्हा महिन्याच्या भावाने छोटा वर्षाला एकेचाळीसशे, वर्षाच्या भावाने दोन हजार आठशे ऐंशी. मधला साडेसहा हजार किंवा अठ्ठेचाळीसशे. मोठा अकरा हजार तीनशे किंवा आठ हजार सहाशे चाळीस.

‘सगळ्यांना आधी एका मापात आण,’ टीचर म्हणाल्या. ‘एकाची उंची फुटात, दुसऱ्याची इंचात, मग रांग कशी लावणार? सगळ्यांचं माप वर्ष. मग उभं कर.’

मग त्यांनी वीस टक्क्यांच्या आकड्याशेजारी बोट ठेवलं. तिथे एक चांदणी होती. ‘चांदणी असली की तिचं काहीतरी खाली लिहिलेलं असतं. इथे खालचं तुटलंय. ते विचारल्याशिवाय चेक जाऊ द्यायचा नाही.’

चेक माझ्या खिशात होता, नऊशे साठने कमी. मी म्हणालो, ‘टीचर, अंकलना सांगतो की कंपनीने भाव वाढवला.’

‘वाढवला का?’

‘नाही.’

‘मग का सांगतोस? कंपनी बिचारी तिथे मुंबईत. तिने तुझं काय केलंय.’

दुसऱ्या दिवशी रविवार. अंकल चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की तासभर स्टुडिओ उघडायचे, लोक अल्बम न्यायला यायचे म्हणून. मी आधीच जाऊन शटर वर केलं होतं. ते आले तेव्हा पांढऱ्या कडक शर्टात होते. मी चेक काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, ‘अंकल, मी चुकलो. सूट कापलेलीच होती, मी परत कापली. मधल्याचे वर्षाला अठ्ठेचाळीसशे पडतात. महिन्या-महिन्याला भरले तर महिना पाचशे.’

त्यांनी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, गेलं.

‘कुणी सांगितलं?’

‘टीचरांनी.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘मला पण तिनेच शिकवलंय. छडी खाल्लीय मी तिची.’ मग चेक उचलून त्यांनी घडी केला. ‘तू सांगितलं नसतंस तर कंपनीने परत पाठवला असता आणि माझी मुलगी माझ्यावर हसली असती. जाऊ दे. पण अठ्ठेचाळीसशे जास्त होतात, परभणी. बघ ना, लग्नं कधी असतात आपल्याकडे? ईस्टरआधीच्या उपवासकाळात नाहीत. नाताळाआधीच्या आगमनकाळात नाहीत. पावसाळ्यात कोण करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घे, आणि ईस्टरनंतरचा एप्रिल-मे. सहा महिने. महिन्याचं भरू. सहा पाचशे तीन हजार. बाकीचे सहा महिने बंद. लग्न नाही तर भाडं कशाला?’

मी मनात आकडे मांडले. बरोबर वाटत होतं. चालू करायचे पाचशे दोनदा धरले, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा एप्रिलात, तरी चारच हजार. वर्षाच्या भावापेक्षा आठशेने स्वस्त. अंकलनी हे उभ्या उभ्या, डोळे मिटून डोक्यात केलं होतं, आणि मी तीन दिवस कागद खिशात बाळगून होतो.

पण मग माझ्या हातांना काहीतरी आठवलं. डोक्याला नाही, हातांना. जून महिन्यात माझ्या बोटांना गोंद सुटत नाही. मे महिन्यात नाही, जूनमध्ये. लग्न मे महिन्यात लागतं, पण फोटो निवडायला घरचे पंधरा दिवस घेतात, नवरीची आई एक फोटो बदलते, नवऱ्याची बहीण दुसरा. अल्बम घरी जातो तो जूनमध्ये. फेब्रुवारीच्या लग्नांचे मार्चमध्ये, ऐन उपवासकाळात.

‘अंकल,’ मी म्हणालो, ‘लग्नं बंद असतात तेव्हाच तर अल्बम बाहेर जातात. मे महिन्याच्या नवरीचा मामा जूनमध्ये उघडून बघणार. आपण जूनमध्ये बंद केलं तर त्याला काय दिसणार?’

अंकलनी डोळे उघडले. समोर एक बाई अल्बम न्यायला आली होती, ती थांबली होती. तिने विचारलं, ‘माझा झाला का रे?’ तिच्या घरचं लग्न उरकून महिना झाला होता. अंकलनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

‘हम्म,’ ते म्हणाले. ‘मग मोठाच घ्यायचा काय? बारा महिने सगळ्यांचे सगळे फोटो?’

‘एक दिवस द्या. उद्या सांगतो.’

‘कालपण सांगितलंस,’ ते म्हणाले, पण हसले.

आता प्रश्न जागेचा होता. किती अल्बम एका वेळी राहणार, त्यावर छोटा की मधला ते ठरणार. अंकल गिऱ्हाइकांना सांगत होते, तीन महिने इंटरनेटवर राहील, मग काढणार, तोवर सीडी घ्या. एका लग्नाचे दोनशे फोटो, बारीक करून चढवले तर अर्धा एमबी एक. म्हणजे लग्नाला शंभर एमबी. दोन जीबीत वीस लग्नं. वर्षाला आमची चौतीस. चौतीस म्हटलं की वीस पुरत नाहीत असंच वाटतं. म्हणूनच मी आधी डोळे झाकून मधला धरला होता.

ऑर्डरची वही घेऊन मी दुपारी टीचरांकडे गेलो. सोबत कात्रणांची पिशवी. फोटो कापून उरलेल्या लांब पट्ट्या मी कधी फेकत नसे, का ते माहीत नाही. टीचरांच्या ओट्यावर भिंतीलगत ओळीने बारा फरश्या होत्या. अगदी बारा. मी तिथे इतकी वर्षं बसत होतो, मोजल्या नव्हत्या. टीचर म्हणाल्या, ‘ही जानेवारी. ही डिसेंबर. तुझी पट्टी तीन फरश्यांची. अल्बम ज्या महिन्यात चढेल तिथून पुढे तीन फरश्या झाकायच्या.’

मी वही बघून एकेक लग्न सांगायचो, ते कधी चढेल ते ठरवायचो, आणि पट्टी कापून, जोडून ठेवायचो. जानेवारीचं लग्न, फेब्रुवारीत चढलं, फेब्रुवारी-मार्च-एप्रिल. डिसेंबरच्या शेवटच्या फरशीवरून पट्टी बाहेर जायला लागली की उरलेला तुकडा पहिल्या फरशीवर आणायचा. नोव्हेंबरातली सगळी लग्नं अशी फिरून आली. कोकराएवढं एक मांजर येऊन मार्चवर बसलं. टीचरांनी त्याला हाकललं नाही, म्हणाल्या, ‘उपवासकाळ आहे, बसू दे.’

चौतीस पट्ट्या ठेवून झाल्या आणि आम्ही फरशीफरशीवर मोजायला लागलो. या फरशीवर नऊ. त्यावर बारा. ऑक्टोबरवर दोनच. सगळ्यात गर्दी जूनच्या फरशीवर. मी मोजलं. सतरा. टीचरांनी मोजलं. सतरा.

‘वीस मावतात?’

‘वीस.’

‘मग?’

चौतीस लग्नं होती, पण एका वेळी घरात सतराच. पाहुणे येतात, जातात, सगळे एकदम कुठे जेवायला बसतात? छोटा प्लॅन पुरत होता. वर्षाचे दोन हजार आठशे ऐंशी.

‘आता तुझ्या अंकलच्या सहा महिन्यांच्या युक्तीने छोट्याचे किती?’ टीचरांनी विचारलं. मी केलं. सहा तीनशे अठराशे, दोनदा चालू करायचे हजार. दोन हजार आठशे.

‘म्हणजे सहा महिन्यांना अठ्ठावीसशे, आणि बारा महिन्यांना त्याच्यापेक्षा ऐंशी रुपये जास्त,’ टीचर म्हणाल्या. ‘हे त्याला सांग. आणि म्हणावं, हिशोब बरोबर होता तुझा, फक्त अल्बम विसरलास.’

सोमवारी सकाळी मी स्टुडिओतून कंपनीला फोन लावला. कागद काउंटरवर पुढ्यात ठेवला. चार प्रश्न लिहून दिले होते टीचरांनी, मराठीत, कारण त्या म्हणाल्या, मुंबईच्या माणसाला मराठी येत नसेल तर हिंदीत विचार, पण इंग्रजीत अडकू नकोस. तिकडे एक मुलगी होती. मराठीच बोलली.

महिन्याचा भाव तीनशेच का? हो, तीनशेच. खातं बंद करून परत उघडलं तर पाचशे परत का? हो, आणि बंद केलं की फोटो पुसले जातात. चांदणीचं काय लिहिलंय? ‘सर, ती सूट पहिल्या वर्षापुरती. दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव, छोट्याला छत्तीसशे.’ मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणालं होतं आणि तेही वाईट बातमी देताना. चौथा प्रश्न, मध्येच जागा कमी पडली तर? ‘वरच्या प्लॅनवर जाता येतं, उरलेल्या महिन्यांचा फरक भरून. पण वरून खाली आलात तर पैसे परत नाहीत. आणि सगळ्यावर कर वेगळा हं.’

मी सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून अंकलपुढे ठेवलं. वरून खाली नाही, त्यांना ज्या क्रमाने शंका येईल त्या क्रमाने. त्यांनी बोटाने एकेक ओळ वाचली. ऐंशी रुपयांच्या ओळीवर थांबले.

‘सहा महिन्यांना अठ्ठावीसशे?’

‘हो. टीचर म्हणाल्या, हिशोब तुमचा बरोबर होता.’

‘अजून काय म्हणाली?’

‘फक्त अल्बम विसरलात.’

अंकल इतक्या मोठ्याने हसले की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी छत्तीसशे, तेव्हा काय? मी म्हणालो, वर्ष संपायच्या दोन महिने आधी मी परत तीन-चार कंपन्यांचे भाव काढीन, सगळे एका मापात आणीन, आणि तुमच्यापुढे ठेवीन. हे वाक्य मी पाठ करून आलो नव्हतो. ते आपसूक निघालं.

‘तू काढशील,’ अंकल म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मग जुना चेक फाडला. नव्यावर कर धरून छोट्याची वर्षाची रक्कम घातली, सही केली, आणि काउंटरच्या आतली खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. ‘बस. मे महिन्यानंतर कुठे जायची तयारी केली होतीस ती बंद कर.’

त्या वर्षी जूनमध्ये इंटरनेटवर सतरा अल्बम होते. एकदाच अठरा झाले, एका नवरीने लवकर मागितला म्हणून. तरी दोन लग्नांची जागा उरली. एक दिवस दोह्याहून फोन आला, कुणाचा तरी मामा होता, भाचीचं लग्न बघून म्हणाला, ‘केक कापताना ती जी हसतेय तो फोटो कुणी निवडला?’ मी निवडला होता. मी सांगितलं नाही. म्हणालो, घरच्यांनी.

त्यानंतर मी इंग्रजी शिकलो, थोडं टीचरांकडे, थोडं तक्ते वाचून. आज कुठलाही तक्ता पुढे आला की आधी ठिपका कुठल्या गोलात आहे ते बघतो, मग चांदणी शोधतो. आकडा शेवटी.

टीचरांना मी काउंटरच्या पहिल्या पगारातून साडी घेऊन गेलो होतो. घेतली नाही. म्हणाल्या, ‘दोनशे साड्या आहेत, नेसायला एकच मी.’ मग काय हवं विचारलं. त्या फरश्या पुसत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्याकडे कापूस होतो ना? तीस वर्षं मी बाराखडीतला का कापसाचा शिकवला. पुस्तकात चित्र असायचं, झाडावर पांढरं. खरा फुटलेला कापूस शेतात उभा मी कधी बघितला नाही. कसा दिसतो?’

मी सांगायला लागलो आणि मला सांगता आलं नाही. एवढा बघितलाय की सांगता येत नाही.

टीचर आता लांबच्या प्रवासाला घाबरतात. गुडघे दुखतात. मी गाडीचे पैसे साठवतोय, भाड्याची का होईना, पण मागे पाय पसरून बसता येईल अशी. दिवाळीच्या पुढेमागे, पहिली वेचणी व्हायच्या आधी, मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. आमच्या अंगणात खुर्ची ठेवीन, तीच आधी. मग माझ्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी. मग बांधापर्यंत हाताला धरून नेईन आणि काही न सांगता त्यांना बघू देईन, त्यांनी मला तो ठिपका बघू दिला तसा. हे मी करणार, टीचर. तोवर गुडघ्याला तेल लावत जा.